दम छातीचा की मांडीचा?

प्रश्न : धावण्याचा सराव वाढला की ‘दम वाढला’ असे म्हणतात. दम म्हणजे श्वासच ना? मग नुकताच ‘स्नायूंचा दम’ असा प्रयोग वाचला, तो चुकीचा मानावा का? त्याच मजकुरात ‘तंतुकणिका आणि केशवाहिन्या वाढतात’ असेही होते. हे शब्द योग्य आहेत का, आणि येथे ‘वाढतात’ म्हणजे नेमके काय होते?

उत्तर : ‘स्नायूंचा दम’ हा प्रयोग चुकीचा नाही, उलट व्युत्पत्तीला सोडून असला तरी वस्तुस्थितीला तोच अधिक धरून आहे. तंतुकणिका, म्हणजे पेशीत ऑक्सिजन वापरून ऊर्जा बांधणारे भाग, आणि केशवाहिनी, म्हणजे अतिशय बारीक रक्तवाहिनी, हे दोन्ही शब्द रुळलेले आणि वापरण्याजोगे आहेत, मात्र दोन्हींच्या बाबतीत ‘वाढणे’ या क्रियापदाचा अर्थ वेगवेगळा आहे आणि गोंधळ होतो तो तेथेच.

फारसीत ‘दम’ म्हणजे श्वास. संस्कृतातील ‘शम-दम’ या जोडीतला दम, म्हणजे इंद्रियनिग्रह, याच्याशी त्याचा संबंध नाही. दम लागणे, दम घेणे, दमछाक, दमसास या सगळ्यांत श्वासच आहे. त्यामुळे जिना चढताना धाप लागली की दोष फुप्फुसांचा आणि सरावाने धाप कमी झाली की सुधारणाही फुप्फुसांचीच, असे भाषाच आपल्याला सुचवत राहते. प्रत्यक्षात निरोगी माणूस समुद्रसपाटीच्या आसपास जोरात पळत असतानाही, त्याच्या फुप्फुसांतून बाहेर पडणारे रक्त ऑक्सिजनने जवळजवळ पूर्ण भरलेले असते. अगदी वरच्या दर्जाच्या काही धावपटूंत हृदय इतक्या वेगाने रक्त ढकलते की फुप्फुसे मागे पडतात, पण तो अपवाद झाला. एक लिटर धमनीरक्तात साधारण 200 मिलिलिटर ऑक्सिजन असतो आणि सराव केल्याने या आकड्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो दोन ठिकाणी : हृदय मिनिटाला किती रक्त पाठवते, आणि पोहोचलेल्या रक्तातून स्नायू किती ऑक्सिजन काढून घेतो. स्वस्थ बसलेले असताना शिरांतून परतणाऱ्या रक्तात लिटरमागे सुमारे 150 मिलिलिटर ऑक्सिजन तसाच शिल्लक असतो. चांगल्या तयारीच्या सायकलपटूच्या पायातून, तो सारी ताकद लावत असताना परतणाऱ्या रक्तात जेमतेम 20 ते 30 मिलिलिटर उरतो. दमाचा हा दुसरा भाग स्नायूच्या आत घडतो.

हा भाग खरोखर स्नायूपुरता असतो हे दाखवणारा एक सुंदर प्रयोग शरीरक्रियाशास्त्रज्ञ बेंग्ट साल्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1976 साली प्रसिद्ध केला. त्यांनी सुमारे चार आठवडे माणसांकडून एका वेळी एकाच पायाने सायकल चालवून घेतली. काहींचा एक पाय दीर्घ, संथ श्रमांना सरावला, तर दुसऱ्या पायाला काहीच काम नव्हते. दोन्ही पायांना रक्त पुरवणारे हृदय तेच, फुप्फुसे तीच, रक्तही तेच. तरीही मांडीच्या स्नायूतील ऑक्सिजन वापरणारी विकरे, म्हणजे एन्झाइम्स, वाढली ती फक्त सरावाच्या पायात. नंतर दोन्ही पायांनी मिळून सायकल मारायला लावली, तेव्हा बिनसरावाच्या पायातून रक्तात सतत लॅक्टेट, म्हणजे साखर घाईने फोडताना बनणारा पदार्थ, उतरत राहिले आणि सरावाच्या पायातून ते जवळजवळ थांबले. एकाच देहात, एकाच क्षणी, एक पाय दमदार आणि दुसरा दमलेला! ‘स्नायूंचा दम’ या शब्दप्रयोगाला याहून चांगला आधार मला तरी ठाऊक नाही. बोलीने हा भेद मुळातच जपलेला आहे, हेही लक्षात घ्यावे : दम लागतो तो छातीला, पण चढावर मांड्या आणि पोटऱ्या ‘भरून येतात’.

आता केशवाहिनी. लॅटिनमधील ‘केस’ या अर्थाच्या शब्दावरून पाश्चात्त्य संज्ञा आली आणि मराठीने ‘केश’ घेऊन ती उचलली. ‘केशाकर्षण’ या भौतिकशास्त्रातील शब्दातही तोच केश आहे. काही जण ‘केशिका’ लिहितात, आणि तो आटोपशीर शब्द चूक मुळीच नाही, पण वाहिनी म्हटल्याने काहीतरी वाहते आहे हे कळते, म्हणून सर्वसाधारण वाचकासाठी मी केशवाहिनीच्या बाजूने आहे. केसाची उपमा मात्र तोकडी पडते, कारण या वाहिन्यांचा व्यास 5 ते 8 मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. तांबडी पेशी त्यातून अंग चोरून, एकामागे एक अशीच जाऊ शकते. मार्चेल्लो माल्पिगी यांनी 1661 साली बेडकाच्या फुप्फुसात त्या पाहिल्या, तेव्हा धमनी आणि शीर यांच्यामधला तोवर न दिसलेला दुवा सापडला.

केशवाहिन्या ‘वाढतात’ म्हणजे त्या रुंद होत नाहीत की लांबत नाहीत, त्यांची संख्या वाढते. काम करणाऱ्या स्नायूत रक्ताचा ओघ वाढून वाहिनीच्या आतल्या भिंतीवर घर्षण होते, स्नायू ताणला जातो, आणि या दोन्ही कारणांनी वाढीचे रासायनिक संदेश सुटतात. मग कधी जुन्या वाहिनीला बाजूने कोंब येतो, तर कधी एकच वाहिनी आतून पडदा पडून उभी दुभंगते आणि एकीच्या दोन होतात. झाडाच्या बुंध्याला येणाऱ्या फुटव्यांसाठी मराठीत शब्द तयारच आहे, तेव्हा ‘नवरक्तवाहिनीजनन’ असा जड समास करण्यापेक्षा ‘केशवाहिन्यांना फुटवे येतात’ असे लिहिणे मला बरे वाटते. दुभंगण्याचा प्रकार त्यात बसत नाही, एवढी उणीव मान्य करावी लागते.

हे मोजताना एक फसगत होते. सूक्ष्मदर्शकाखाली दर चौरस मिलिमीटरमागे केशवाहिन्या मोजल्या तर ती झाली दाटी. पण त्याच काळात स्नायुतंतू जाड झाले असतील, तर वाहिन्या वाढूनही दाटी जैसे थे दिसते. म्हणून दर तंतूमागे किती वाहिन्या आहेत, हेही मोजतात. ‘केशवाहिन्या 20 टक्क्यांनी वाढल्या’ असे कोठे वाचले, तर वाढली ती दाटी की तंतूमागची संख्या, हे आधी पाहावे.

संख्या वाढल्याने रक्त अधिक वेगाने धावू लागते, असा समज सर्रास आढळतो. घडते ते नेमके उलट. ओढ्याचे तेवढेच पाणी अधिक पाटांत वाटले की प्रत्येक पाटातला प्रवाह संथ होतो, तसेच हे आहे. समजा, एका तांबड्या पेशीला स्नायूतून पार व्हायला एक सेकंद लागत होता. रक्ताचा ओघ तेवढाच ठेवून केशवाहिन्यांची एकूण जागा पाचव्या हिश्श्याने वाढली, तर तिला आता 1.2 सेकंद मिळतात. ऑक्सिजन उतरवायला वेळ वाढला, आणि वाहिनीपासून तंतूच्या गाभ्यापर्यंतचे अंतरही घटले. वाढलेली केशवाहिनी म्हणजे वाढलेली उसंत, असे म्हटले तरी चालेल.

तंतुकणिका हा शब्द शालेय पाठ्यपुस्तकांमुळे घरोघर पोहोचला आहे. कार्ल बेंडा यांनी 1898 साली ग्रीक भाषेतील ‘धागा’ आणि ‘कण’ हे शब्द जोडून मायटोकॉन्ड्रिया ही संज्ञा घडवली, आणि तंतुकणिका हे तिचे शब्दशः मराठीकरण आहे. ‘पेशीचे ऊर्जाघर’ हा पर्याय मी टाळतो, कारण त्यातून ऊर्जा जणू तेथे निर्माण होते असे वाटते. होते ते एवढेच की अन्नातील ऊर्जा ऑक्सिजनच्या साहाय्याने एटीपी या पेशीला थेट वापरता येणाऱ्या रेणूच्या रूपात बांधली जाते. शिवाय कंकाल स्नायूत या कणिका सुट्या दाण्यांसारख्या नसून बऱ्याच अंशी एकमेकींना जोडलेल्या जाळ्यासारख्या असतात. म्हणून येथे ‘वाढतात’ याचा अर्थ संख्या असा न घेता, स्नायूत त्यांनी व्यापलेली जागा आणि त्यांच्यातील विकरे वाढतात, असा घ्यावा. ही वाढ कोऱ्या पाटीवर होत नाही : आहे त्याच जाळ्यात नवी प्रथिने भरली जातात. त्यांतील 13 प्रथिने बनवण्याची कृती तंतुकणिकेच्या स्वतःच्या डीएनएत असते, आणि बाकी सारी पेशीकेंद्रकाच्या आज्ञेने बाहेर तयार होऊन आत येतात.

याचा धावणाऱ्याला उपयोग काय, हे एका हिशेबाने पाहू. 1977 साली अँडरसन आणि हेन्रिकसन यांनी आठ आठवडे सायकलचा सराव करून घेतला, तेव्हा मांडीच्या स्नायूतील ही विकरे सुमारे 40 टक्क्यांनी, केशवाहिन्यांची दाटी सुमारे 20 टक्क्यांनी आणि ऑक्सिजन घेण्याची कमाल क्षमता सुमारे 16 टक्क्यांनी वाढली. समजा, एका ठरावीक वेगासाठी स्नायूंना मिनिटाला 2000 मिलिलिटर ऑक्सिजन लागतो आणि सरावापूर्वी तंतुकणिकांचे 100 भाग आहेत. प्रत्येक भागाला 20 मिलिलिटर वापरावे लागतात. सरावानंतर भाग झाले 140. वेग तोच, म्हणून ऑक्सिजनही जवळपास 2000 मिलिलिटरच, पण प्रत्येकाच्या वाट्याला आले सुमारे 14. बोजा हलका झाल्यामुळे प्रत्येक भागाला कामाला लावण्यासाठी पेशीत एडीपी, म्हणजे एटीपी खर्च झाल्यावर उरणारा रेणू, पूर्वीइतके साचावे लागत नाही. एडीपी कमी साचले की साखर घाईने फोडण्याचा इशाराही मंदावतो, लॅक्टेट कमी होते, चरबीचा वापर वाढतो आणि स्नायूतील ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, अधिक वेळ पुरते. म्हणूनच ‘सरावाने स्नायू जास्त ऑक्सिजन वापरतात’ हे वाक्य जसेच्या तसे लिहू नये. त्याच वेगाला ते तेवढाच वापरतात. वाढते ती वापरण्याची क्षमता.

वरच्या आकड्यांत 40 आणि 16 यांच्यातील तफावत डोळ्यांत भरते, आणि तेथे ‘स्नायूंचा दम’ या प्रयोगाची मर्यादाही कळते. कमाल क्षमतेला लगाम बसतो तो मुख्यतः हृदयाच्या रक्तपुरवठ्याचा. तंतुकणिका कितीही वाढल्या, तरी आलेल्या रक्तात जेवढा ऑक्सिजन आहे त्याहून अधिक त्या काढू शकत नाहीत. त्यांचा खरा लाभ दिसतो तो कमाल मर्यादेच्या खाली, तासन्‌तास टिकणाऱ्या श्रमांत. तेव्हा शर्यतीचा शेवटचा जोर आणि लांब पल्ल्याचा टिकाव या दोहोंसाठी सरसकट ‘दम’ लिहिण्यापेक्षा दुसऱ्यासाठी ‘दमसास’ राखून ठेवावा, असे माझे मत आहे.

‘सराव सुटला आणि दम गेला’ या वाक्यातही सगळे एकदम जात नाही. 1984 साली कॉइल आणि सहकाऱ्यांनी पक्क्या तयारीच्या खेळाडूंचा सराव 84 दिवस बंद ठेवून पाहिला. पहिल्या 12 दिवसांतच हृदयाचा दर ठोक्याला जाणारा रक्तपुरवठा घटला. तंतुकणिकांची विकरे त्यानंतरही आठवडेच्या आठवडे उतरत राहिली, तरी शेवटी ती कधीच सराव न केलेल्यांपेक्षा बरीच वर होती. केशवाहिन्यांची दाटी मात्र 84 दिवसांनंतरही होती तेवढीच राहिली.