ब्रँड रजिस्ट्रीचा अर्ज फोटोमुळे परत आला, आता काय करावं?

प्रश्न: आम्ही दोघी बहिणी देवगडजवळ घरी कोकम आगळ आणि आंबापोळी करतो. अमेझॉनच्या ब्रँड रजिस्ट्रीसाठी अर्ज केला, तर ‘फोटोत ब्रँडचं नाव मालावर कायमचं दिसत नाही’ म्हणून परत आला. ट्रेडमार्कचं स्टेटस अजून Formalities Chk Pass आहे. ट्रेडमार्क मिळेपर्यंत थांबायचं का?

उत्तर: ताई, थांबू नका. भारतात ट्रेडमार्कचा अर्ज विचाराधीन असला तरी ब्रँड रजिस्ट्रीला चालतो. अर्ज क्रमांक लागतो, प्रमाणपत्र नाही. तुमची गाडी अडली आहे ती फोटोवर.

माझंही वेंगुर्ल्यात आगळाचं काम आहे आणि पहिला अर्ज माझाही परत आला होता. चूक माझीच. नाव ‘गडगा’ होतं असं धरा. ट्रेडमार्कच्या अर्जात (TM-A) मी ‘GADGA’ एवढाच शब्द टाकला होता. बाटलीच्या लेबलावर मात्र डिझायनरने ‘गडगा कोकण फूड्स’ केलं, आणि ब्रँड रजिस्ट्रीत मी ‘Gadga Foods’ टाइप केलं. एकाच वस्तूची तीन नावं झाली. माणूस बघून समजून घेतो, पण तिथे अक्षराला अक्षर, जागेला जागा जुळवून बघतात.

यातलं काय बदलायचं? दाखल झालेल्या ट्रेडमार्क अर्जातलं चिन्ह मुळापासून बदलता येत नाही. वेगळं नाव हवं तर नवा अर्ज, म्हणजे व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन एका वर्गाचे ४,५०० रुपये पुन्हा. म्हणून अर्जातली अक्षरं हीच खरी धरायची आणि पॅक व ब्रँड रजिस्ट्रीतलं नाव त्यांच्याप्रमाणे करायचं. तुमचा अर्ज नुसत्या शब्दाचा आहे की लोगोचा, ते आधी बघा. लोगोचा असेल तर तोच लोगो, जसाच्या तसा, अपलोड करावा लागतो. त्यात देवनागरी असेल आणि पॅकवर रोमन, तर ते जुळलं असं कुणी म्हणणार नाही.

आता ‘कायमचं’ म्हणजे काय. नाव मालावर किंवा वेष्टनावर छापलेलं, कोरलेलं किंवा शिवलेलं हवं. निघेल असं स्टिकर, दोऱ्याला बांधलेली चिठ्ठी, बाटलीपुढे ठेवलेलं कार्ड याने भागत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात लेबलं तशीही सुटतात, आगळाचा खारट ओघळ लागला की दुसऱ्याच दिवशी कोपरा वर येतो. छापील पाऊच करायचे तर छपाईच्या सिलेंडरचा खर्च आणि मोठी ऑर्डर, ते आपल्यासारख्यांना झेपत नाही. मी पुठ्ठ्याचे ५०० बॉक्स छापून घेतले, बाटली त्यात बसते आणि नाव बॉक्सवरच छापलेलं आहे. बाटलीवर स्क्रीन प्रिंटिंग करून घेतलं तरी चालेल. आंबापोळीला तर छापील बॉक्सच सोपा.

छपाईला देताना नावापुढे ® टाकू देऊ नका. नोंदणी झाल्याशिवाय ते वापरणं कायद्याला चालत नाही. ™ चालतं.

फोटो मोबाइलवर काढा, पण खरे. डिझायनरने पाठवलेलं चित्र, कॉम्प्युटरवर बसवलेली बाटली, पार्श्वभूमी पांढरी केलेला कॅटलॉगचा फोटो, यातलं काही या कामासाठी देऊ नका. मी पडवीत सकाळच्या उजेडात बॉक्स हातात धरून काढले होते. एक समोरून पूर्ण, एक नावाजवळून, एक मागची बाजू (पत्ता आणि FSSAI क्रमांक दिसेल असा) आणि एक उघड्या बॉक्समध्ये बाटली. प्लास्टिकच्या आवरणाची चकाकी अक्षरांवर आली तर फोटो पुन्हा काढा.

आणखी एक गोष्ट, इथे पुष्कळ जण गाफील राहतात. पडताळणीचा कोड तुमच्या ईमेलवर येत नाही, ट्रेडमार्क कार्यालयाच्या नोंदीत जो संपर्क आहे त्याला जातो. एजंटमार्फत अर्ज केला असेल तर तो ईमेल त्याचा असतो. माझा कोड एजंटच्या स्पॅममध्ये पडून होता आणि मी आपला इकडे वाट बघत बसलो होतो. अर्ज पुन्हा पाठवण्याच्या आदल्या दिवशीच त्यांना फोन करून सांगून ठेवा. कोड मिळाला की तो अमेझॉनच्याच त्या केसमध्ये, Case Log मधून, उत्तर म्हणून टाकायचा. एजंट फोनच उचलत नसेल तर TM-M हा फॉर्म भरून नोंदीतला संपर्क बदलून घ्या, पण त्यात वेळ जातो.

ट्रेडमार्कचं स्टेटसही अधूनमधून बघत जा. ते Objected झालं तर घाबरू नका, पण परीक्षण अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ते राहिलं तर अर्ज सोडून दिला असं धरतात, आणि मग ब्रँड रजिस्ट्रीला दाखवायला हातात काहीच उरत नाही.