मागचा पसारा, ग्रीन स्क्रीनशिवाय

प्रश्न: बोलणाऱ्या माणसामागचा पसारा ग्रीन स्क्रीन नसताना बदलता येतो का?

हो, आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओ सॉफ्टवेअरमधल्या Roto Brush या ब्रशने येतो. लेयरवर डबल-क्लिक करा, हात-खांदे स्पष्ट दिसणारी फ्रेम निवडा आणि माणसाच्या आतून रेघ ओढा. जास्तीचा भाग निवडला गेला तर Alt दाबून त्यावर रेघ ओढा, तो निघून जाईल. मग एकेक फ्रेम पुढे जा आणि कड सरकली की तिथेच सुधारा, कारण पुढच्या फ्रेममधला मास्क, म्हणजे माणसाची कापलेली आकृती, आधीच्या फ्रेमवरून बनतो आणि चूकही पुढे वाहत जाते. केसांवरून कड बारीक करणारा Refine Edge फिरवा, शेवटी Freeze दाबून निवड पक्की करा. भराभर हलणाऱ्या हातांची पुसट कड मात्र नीट सुटत नाही, बोटांभोवती जुन्या भिंतीचा रंग राहतो. म्हणून नवी पार्श्वभूमी साधारण जुन्या भिंतीइतक्याच उजेडाची घ्या.