बँक खाते बदलल्याचा मेल आणि त्याआधी करायचा एक फोन

सप्रेम नमस्कार,

तुझ्या पत्रासोबतचा तो मेल मी दोनदा वाचला. तुमच्या जुन्या पुरवठादाराच्या हिशेब विभागाकडून तो आला आहे, मागच्या ऑर्डरविषयी चाललेल्या पत्रव्यवहाराला जोडूनच आला आहे, आणि त्यात एवढेच म्हटले आहे की लेखापरीक्षणामुळे जुने खाते तूर्त वापरात नाही, तरी यापुढील सर्व बिलांची रक्कम सोबतच्या पत्रातील नव्या खात्यात भरावी. भाषा नेहमीची आहे, खालची सही नेहमीची आहे आणि थकीत बिलाचा क्रमांकही अचूक आहे. पाठवणाऱ्याचा पत्ता तू अक्षर न् अक्षर तपासलास, तो खरा निघाला, आणि आता पैसे पाठवायला हरकत आहे का, असे तू विचारले आहेस. हरकत आहे. पत्ता खरा असला तरी मजकूर खऱ्या माणसाने लिहिला आहे हे त्यावरून का ठरत नाही, ते आधी सांगतो.

असे मेल दोन वाटांनी येतात. पहिल्या वाटेत भामटा पुरवठादाराच्या पत्त्याशी मिळताजुळता पत्ता तयार करतो. `meridian.example` या नावाऐवजी `rneridian.example` असे लिहिले, तर पहिल्या अक्षराच्या जागी r आणि n ही दोन अक्षरे शेजारीशेजारी बसली आहेत, हे घाईत डोळ्यांना जाणवत नाही. कधी वर दिसणारा पत्ता बरोबर असतो, पण `Reply-To` या ओळीत दुसराच असतो, आणि आपण उत्तर धाडले की ते तिकडे जाते. ही वाट तू तपासलीस, ते योग्यच केलेस.

दुसरी वाट अधिक घातक आहे. तिच्यात पुरवठादाराच्या कर्मचाऱ्याचा पासवर्ड चोरीला गेलेला असतो आणि चोर त्याच्या खऱ्या मेलबॉक्समध्ये बसून आठवडेच्या आठवडे पत्रव्यवहार वाचत असतो. कोणाचे बिल कधी देय आहे, कोण कोणाला कसे संबोधते, सही कशी असते, हे सगळे त्याला तिथेच मिळते. मोठे बिल देय होण्याच्या सुमारास तो त्याच मेलबॉक्समधून खातेबदलाचे पत्र धाडतो. शिवाय तो तिथे एक छुपा नियम लावून ठेवतो, ज्यामुळे तुमच्याकडून आलेली उत्तरे खऱ्या कर्मचाऱ्याच्या नजरेस पडण्याआधीच एखाद्या न वापरल्या जाणाऱ्या फोल्डरमध्ये सरकवली जातात. अशा मेलच्या तांत्रिक नोंदी उघडून पाहिल्यास तिथे `spf=pass`, `dkim=pass`, `dmarc=pass` असेच दिसेल, कारण तो खरोखर त्यांच्याच सर्व्हरवरून निघालेला असतो. या नोंदींवरून मेल त्या डोमेनवरून आला एवढे समजते. तो कोणी लिहिला, हे समजत नाही. नकली डोमेन विकत घेणारा भामटाही त्या डोमेनपुरत्या या चाचण्या उत्तीर्ण करून घेऊ शकतो.

हे मी पुस्तकात वाचून लिहीत नाही. कित्येक वर्षांपूर्वी असाच मेल माझ्याकडे आला होता. मला शंका आली होती, हे मुद्दाम सांगतो, कारण शंका येणे पुरेसे नसते. मी त्याच मेलला उत्तर देऊन विचारले की हा बदल खरा आहे ना. तासाभरात अतिशय सौजन्यपूर्ण उत्तर आले: होय, खरा आहे, आणि विचारून घेतलेत हे बरे केलेत. मी पैसे पाठवले. सुमारे तीन आठवड्यांनी त्याच पुरवठादाराच्या दुसऱ्या कर्मचाऱ्याचा फोन आला की बिल अजून का भरले नाही. माझी चौकशी चोराकडेच गेली होती आणि तिला उत्तरही त्यानेच दिले होते. ज्या मार्गाने बातमी आली, त्याच मार्गाने ती तपासली, ही माझी चूक होती.

म्हणून खातेबदल फोनवरूनच पडताळावा, आणि तो फोन आपणच, आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर करावा. हा क्रमांक कुठून घ्यायचा, यावर सगळे अवलंबून आहे. आलेल्या मेलमधला, त्याला जोडलेल्या पत्रावरचा किंवा सहीखालचा क्रमांक घेऊ नकोस. त्याच संवादातील जुन्या मेलच्या खाली छापलेला क्रमांकही घेऊ नकोस, कारण खाली उद्धृत होत जाणारा जुना मजकूर कोणालाही बदलता येतो. पहिल्या व्यवहाराच्या वेळचा करार, फाइलमधले जुने छापील बिल, किंवा तुमच्या माणसाने प्रत्यक्ष भेटीत घेतलेला क्रमांक चालेल. तुमच्या नोंदवहीत क्रमांक असेल, तर तो कधी आणि कशाच्या आधारे नोंदवला, हेही पाहा. खातेबदलाच्या काही आठवडे आधी "आमचा फोन क्रमांक बदलला आहे" असा निरुपद्रवी मेल पाठवून ठेवणारे भामटे असतात. तो क्रमांक आपण इमानाने नोंदवतो आणि पुढे पडताळणीसाठी तोच लावतो. तुझ्याकडे पूर्वीपासूनचा क्रमांक नसेल, तर कंपनीच्या मुख्य कार्यालयाचा क्रमांक स्वतः शोध, तिथे फोन लाव आणि हिशेब विभागाकडे जोडून घे. तिकडून आपणहून आलेला फोन मात्र पडताळणी म्हणून धरू नकोस, आवाज ओळखीचा वाटला तरी, कारण आता आवाजाची हुबेहूब नक्कल करता येते.

फोनवर काय बोलायचे, यालाही महत्त्व आहे. "तुमचे खाते बदलले आहे ना?" असे विचारले, तर कामात बुडालेला माणूस नकळत "हो, असेल" म्हणून मोकळा होतो. त्याऐवजी असे विचार की आमचे पुढचे बिल कोणत्या खात्यात भरायचे. खाते क्रमांक तू वाचून दाखवू नकोस. तो त्यांच्या नोंदीतून त्यांनाच वाचू दे आणि तू मेलमधल्या क्रमांकाशी शेवटच्या अंकापर्यंत ताडून पाहा. जुनेच खाते सांगितले गेले, तर प्रश्न तिथेच मिटला, आणि त्यांचा मेलबॉक्स कोणाच्या तरी ताब्यात असावा, ही गोष्ट त्यांना त्याच फोनवर सांगायला हवी. नवे खाते सांगितले गेले, तर आणखी एका जबाबदार व्यक्तीकडून, शक्यतो मालकाकडून किंवा व्यवस्थापकाकडून, दुजोरा घे. क्वचित एखादा कर्मचारीच आपल्या कंपनीची येणी स्वतःकडे वळवत असतो, आणि त्याच्याशी बोलून ते कधीच उघडकीस येणार नाही. फोन झाल्यावर तारीख, वेळ, कोणत्या क्रमांकावर कोणाशी बोलणे झाले आणि तो क्रमांक कुठून मिळवला, हे कागदावर लिहून बिलाला जोड.

तू आणखी दोन उपाय सुचवले आहेस, आणि दोन्ही अपुरे का आहेत ते सांगतो. नव्या खात्यात आधी किरकोळ रक्कम पाठवून पाहावी, असा पहिला. ती पोहोचली म्हणजे खाते चालू आहे, एवढेच समजते; ते कोणाचे आहे, हे नाही, आणि पोहोच मेलवरून मागितली तर चोर ती आनंदाने देईल. फोनवरची पडताळणी झाल्यावर, जुन्या क्रमांकावरच्या त्याच व्यक्तीला नेमकी किती रक्कम आली हे विचारले, तरच या चाचणीचा उपयोग होतो. दुसरा उपाय नाव जुळवण्याचा. काही देशांत बँका पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव जुळते का ते दाखवतात. ब्रिटनमध्ये मोठ्या बँकांनी ही सोय २०२० मध्ये सुरू केली. नाव जुळले नाही, तर व्यवहार निश्चित थांबव. पण जुळले म्हणून निर्धास्त होऊ नकोस. लिथुआनियाच्या एव्हाल्दास रिमासाउस्कास याने तैवानच्या क्वांटा कंप्युटर या पुरवठादार कंपनीच्याच नावाची एक कंपनी लाटव्हियात नोंदवली, त्या नावाने बँकेत खाती उघडली आणि २०१३ ते २०१५ या काळात गूगल व फेसबुक या दोन कंपन्यांकडून १० कोटी डॉलरहून अधिक रक्कम त्या खात्यांत वळवून घेतली. २०१९ मध्ये त्याला न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ५ वर्षांच्या तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. तिथे खात्यावरचे नाव अगदी बरोबर होते.

तुमच्यासारख्या चार-पाच जणांच्या व्यवसायात ही काळजी एका माणसाच्या स्मरणशक्तीवर सोडू नये. पुरवठादाराच्या खात्याची नोंद बदलणे आणि पैसे पाठवणे ही दोन कामे वेगळी ठेवा: नोंद एकाने बदलावी आणि दुसऱ्याने फोनची चिठ्ठी पाहिल्याशिवाय तिला मान्यता देऊ नये. मालकांकडून आधीच असे वदवून घे की खातेबदलाच्या पडताळणीमुळे एखादे बिल दोन दिवस उशिरा गेले, तर कोणी रागावणार नाही. "आजच भरा, नाहीतर माल थांबेल" हे वाक्य अशा मेलमध्ये वारंवार असते आणि ते नव्या कर्मचाऱ्यावर हमखास परिणाम करते. खऱ्या पुरवठादाराला दोन दिवसांचा उशीर फोनवर समजावून सांगता येतो.

या मेलनुसार मागचे एखादे बिल आधीच भरले गेले असेल, तर फोन करण्याचा क्रम बदलतो. सर्वांत आधी आपल्या बँकेला फोन कर, फसवणूक झाल्याचे स्पष्ट शब्दांत सांग, रक्कम परत मागवण्याची आणि समोरच्या बँकेला ते खाते गोठवण्याची विनंती करायला सांग, आणि तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नकोस. असे पैसे बहुधा काही तासांतच पुढच्या खात्यांत हलवले जातात, म्हणून मेल कोणी पाठवला याचा शोध घेण्यात सकाळ घालवू नये. त्यानंतर पुरवठादाराला जुन्या क्रमांकावर कळव आणि पोलिसांकडे तक्रार नोंदव. तो मेल पुसू नकोस. पुढे पाठवण्याऐवजी मूळ फाइल म्हणून जतन कर, कारण तो कोणत्या सर्व्हरवरून आला याच्या नोंदी पुढे पाठवलेल्या प्रतीत उरत नाहीत. ते बिल पुन्हा भरायचे का, हा वाद त्यानंतर येतो. कोणाचा मेलबॉक्स फोडला गेला आणि कोणी पडताळणी केली नाही, या दोन प्रश्नांवर तो बराच काळ चालू शकतो, आणि त्या वेळी तुझी फोनची चिठ्ठी उपयोगी पडते.

तुझ्या पत्रातल्या बिलाची मुदत परवाची आहे. ते आज भरू नकोस. तुमच्या फाइलमधल्या पहिल्या बिलावर कार्यालयाचा क्रमांक असेल, तर उद्या कामकाज सुरू होताच त्यावर फोन लाव आणि त्यांनी कोणते खाते वाचून दाखवले, ते मला कळव.

तुझा,
एक जुना हिशेबनीस