दोघांची ईमेलवर ओळख करून देताना

प्रश्न: ओळखीच्या दोन व्यावसायिकांची ईमेलवर गाठ घालून द्यायची आहे. कुणालाच अवघडल्यासारखं होऊ नये, असा मेल कसा लिहू?

ज्याचा वेळ मागायचा आहे, त्याला आधी एकट्याला विचारा. मी एकदा न विचारताच एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आणि जुन्या वाड्याची दुरुस्ती करणारी आर्किटेक्ट मैत्रीण यांना एकाच मेलमध्ये घातलं. तिच्यादेखत नाही म्हणणं सरांना जड गेलं, ते गप्प राहिले आणि ही आठवडाभर वाट बघत बसली.

पुढच्या वेळी आधी सरांनाच लिहिलं: ‘लाकडी तुळयांबद्दल २० मिनिटं फोनवर बोलाल का? जमणार नसेल तर तिला मी सांगेन.’ होकार आल्यावर दोघांना मेल. प्रत्येकाबद्दल एकच ओळ, तीही कामापुरती (‘हुशार, मनमिळाऊ’ वगैरे स्थळाच्या पत्रिकेसारखं नको). शेवटी तिला उद्देशून: ‘सोयीच्या दोन वेळा सरांना तूच कळव.’ आधी कुणी लिहायचं हे सांगितलं नाही, तर दोघंही थांबून राहतात. गरज जिची, तिनेच सुरुवात करावी. उत्तर देताना तिने मला Bcc मध्ये टाकलं. वेळ ठरवायची पुढची पत्रापत्री माझ्याकडे आलीच नाही.