कार्ड मशीन की क्यूआर आणि बोलका डबा? पावसाळ्याचा हिशेब आधी करा

प्रश्न: "गुहागरकडे आमचं छोटं किराणा दुकान आहे, सासऱ्यांनंतर मी बघते. सध्या नुसता क्यूआर चिकटवलाय. बँकेचा माणूस कार्ड मशीन घ्या म्हणून मागे लागलाय, दुसरा म्हणतो साउंडबॉक्स पुरे. मे महिन्यात पर्यटक कार्ड काढतात. काय घेऊ?"

ताई, आमचं दुकान देवगड तालुक्यात, कुणकेश्वरच्या वाटेवर आहे. तुमची पोस्ट वाचली आणि त्या बँकेच्या माणसाचं नाव तेवढं वेगळं असेल असं वाटलं. म्हणून सविस्तर लिहितो. मी बँकवाला नाही, दुकानदार आहे. माझे दर तुमच्या कागदावर ताडून बघा.

माझं मत स्पष्ट आहे: साउंडबॉक्स, म्हणजे पैसे आल्याचं बोलून सांगणारा डबा घ्या, मशीन आत्ता नको. कारण कमिशन नव्हे, भाडं. सगळे कमिशनवर वाद घालतात, पण छोट्या दुकानात ते फार नसतं. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर डेबिट कार्डावर मशीनवरचं कमिशन 0.40 टक्क्यांच्या वर लावता येत नाही आणि रुपे डेबिटवर काहीच नाही. क्रेडिट कार्डाला अशी मर्यादा नाही, तिथे दोन टक्क्यांच्या आसपास धरा.

आता मे महिना मांडून बघू. समजा, कार्डावर 30,000 चा माल गेला, त्यातला 20,000 डेबिटवर आणि 10,000 क्रेडिटवर. कमिशन झालं 80 आणि 200, म्हणजे 280 रुपये. भाडं 400 धरलं तर 18 टक्के जीएसटी धरून 472. एकूण 752. पण त्या 30,000 पैकी बहुतेक गिऱ्हाइकांच्या खिशात फोन होताच, मशीन नसतं तर त्यांनी क्यूआरवरच दिले असते. समजा, 10,000 ची विक्री खरोखर मशीनमुळेच झाली. आठ टक्के सुटतात असं धरलं तर 800 रुपये. हातात राहिले 48, आणि तेही ऐन सीझनमध्ये. साखर, तेल, दुधाच्या पिशव्यांवर आठ टक्के कुठे सुटतात?

मग जून लागतो. पर्यटक जातात, कार्ड कोणी काढत नाही. जून ते सप्टेंबर त्याच दराने 1,888 रुपये नुसते भाड्याचे जातात. गणपतीला चाकरमानी येतात, पण तेही फोनवरच पैसे देतात. काही करारांत आणखी एक कलम असतं: महिन्याला ठराविक रकमेचे व्यवहार झाले नाहीत तर जादा आकार. ते कलम बँकेचा माणूस आपणहून कधी वाचून दाखवत नाही. तुम्ही बोट ठेवून विचारा.

मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो मशीन परत देताना. पावसाच्या तोंडावर मी ते शाखेत नेऊन दिलं. साहेबांनी ठेवून घेतलं, म्हणाले, "झालं तुमचं काम." पुढच्या महिन्यात भाडं कापलं. शाखेत गेलो तर म्हणे मशीन पुरवणारी कंपनी वेगळी, त्यांना फोन करा. कंपनी म्हणते, बँकेने टीआयडी बंद केलेला नाही, आम्ही काय करणार? पुन्हा शाखा, पुन्हा फोन. अख्खा पावसाळा असा गेला आणि खात्यातून भाडं जातच राहिलं. संताप रकमेचा नव्हता. मशीन त्यांच्याच कपाटात पडलेलं, आणि भाडं मात्र माझ्याकडून!

गोम अशी की भाडं यंत्राला लागत नाही, टीआयडीला लागतं. टीआयडी म्हणजे त्या मशीनचा टर्मिनल नंबर, पावतीवर छापलेला असतो. यंत्र कुठेही असो, तो नंबर चालू असेपर्यंत भाडं चालू. म्हणून परत देताना अर्ज लेखी द्या. त्यात टीआयडी, एमआयडी म्हणजे दुकानाचा मर्चंट नंबर, यंत्राचा सिरीयल नंबर आणि "आजपासून भाडं बंद करावं" हे वाक्य लिहा. प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, तोंडी "झालं" चालत नाही. तरीही कापलं तर बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फी नाही. मी तक्रार टाकल्यावरच शाखेतून स्वतःहून फोन आला आणि पैसे परत जमा झाले. तोवर मी त्यांच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हतो.

डब्याचंही भाडं असतं, महिन्याला शंभर-सव्वाशेच्या आसपास, आणि ते बहुधा रोजच्या जमा रकमेतूनच कापतात. त्यामुळे एखाद्या दिवशी हिशेब जुळला नाही तर आधी तिथे बघा. बँक खात्यातून येणाऱ्या साध्या यूपीआयवर मात्र दुकानदाराला कमिशन नाही, 2020 पासून. कोणी टक्का सांगितला तर कशावर ते विचारा. वॉलेटमधून किंवा रुपे क्रेडिट कार्ड जोडून आलेल्या 2,000 च्या वरच्या रकमेचा मामला वेगळा असतो.

डबा घेताना दर नंतर विचारा, आधी सिम कुठल्या कंपनीचं ते विचारा. तो स्वतःच्या सिमवर चालतो, तुमच्या फोनवर नाही. आमच्याकडे चिऱ्याच्या जाड भिंती, आत रेंज मरते. गल्ल्याजवळ ठेवलेला डबा मुका व्हायचा, खिडकीच्या फळीवर ठेवला तसा बोलायला लागला. आणि मशीनला रेंज लागत नाही असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, त्यातही सिमच असतं. महाशिवरात्रीच्या जत्रेत गर्दीने नेटवर्क गळपटतं तेव्हा दोन्ही सारखीच अडतात. त्या दिवशी सुटे पैसे तयार ठेवा.

डबा गप्प राहिला म्हणजे पैसे आले नाहीत असं नाही, आणि गिऱ्हाइकाच्या फोनवर हिरवी खूण दिसली म्हणजे आले असंही नाही. खोटी खूण दाखवणारी ॲप आहेत. आपल्या दुकानदार ॲपमध्ये किंवा बँकेच्या मेसेजमध्ये बघायचं, शंका असेल तर यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा 12 आकडी नंबर ताडायचा. गिऱ्हाइकाचे खरंच कापले गेले आणि आपल्याला पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत त्याच्या खात्यात आपोआप परत जायला हवेत, नाहीतर बँकेला दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. हे शांतपणे सांगितलं की भांडण होत नाही.

कार्डवाले खरंच परत जातात का, ते या मे महिन्यात बघा. वहीच्या मागच्या पानावर प्रत्येक वेळी रेघ मारा, शेजारी अंदाजे बिल लिहा. रेघा खूप झाल्या तर कार्ड टेकवता येणारा डबा मिळतो का विचारा. 5,000 पर्यंत पिन न टाकताही टेकवून पैसे देता येतात, आणि किराण्याचं बिल त्याच्या वर सहसा जात नाही. त्याचंही भाडं आणि बंद करण्याची अट लेखी घ्या.

आणखी एक, विषय थोडा वेगळा आहे. क्यूआरचं खातं घरखर्चाच्या खात्यापासून वेगळं ठेवा. अनोळखी पर्यटकाकडून फसवणुकीचे पैसे आपल्या खात्यात आले तर तपासात ती रक्कम, कधी अख्खं खातंच, अडकवून ठेवतात. अशा वेळी निदान घराचा पैसा मोकळा राहतो.