जोडलेल्या फाइलबद्दल मेलमध्ये काय लिहावं?

प्रश्न : मी सोसायटीचा सचिव. ‘सोबत फाइल जोडली आहे, कृपया पाहावी’ असं लिहितो, तरी सभासद फोन करून विचारतात, नक्की काय पाहायचं?

ते बरोबरच विचारतात. मेल बहुतेक जण मोबाइलवर वाचतात. फाइल आत्ता उघडायची की रात्री निवांत, हे त्यांना मेलमधूनच कळायला हवं. समजा, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची दरपत्रकं पाठवायची आहेत. मग असं लिहा :

‘सोबतच्या १४ पानी पीडीएफमध्ये वॉटरप्रूफिंगसाठी आलेली तीन दरपत्रकं आहेत. तिन्हींची तुलना पान २ वर आहे, तेवढं जरूर वाचा. पुढची पानं संदर्भासाठी. कोणतं दरपत्रक पसंत आहे ते शुक्रवार संध्याकाळपर्यंत याच मेलला उत्तर देऊन कळवा.’

पानांचा आकडा मुद्दाम घातला आहे. चुकून दुसरीच फाइल गेली किंवा जोडायचीच राहिली, तर वाचणाऱ्याला लगेच कळतं. ‘पाहावी’ऐवजी नेमकं क्रियापद वापरा : मंजूर करा, चुका दाखवा, सही करून परत पाठवा. काहीच करायचं नसेल तर तेही स्पष्ट लिहा, ‘फक्त माहितीसाठी, उत्तर नको’.

प्रश्न : माझं दुकान आहे. दर महिन्याला कर सल्लागारांना एकदम तीन-चार फाइली पाठवतो. प्रत्येकीबद्दल लिहीत बसायचं का?

हो, पण एकेक ओळ पुरते. सरकारी पत्रात खाली ‘सहपत्रे’ म्हणून क्रमवार यादी असते, तीच पद्धत मेलमध्ये वापरा. फाइलीचं नाव जसंच्या तसं लिहा आणि पुढे काम :

‘१. Vikri_August.xlsx : ऑगस्टची विक्री. यावरून GSTR-1 भरा, मुदत ११ सप्टेंबर.
२. Kharedi_August.xlsx : खरेदी. पिवळ्या केलेल्या दोन बिलांचं क्रेडिट मिळेल का, ते सांगा.
३. Bank_August.pdf : खात्याचा उतारा. लागला तरच उघडा.’

ज्यावर काम करायचं ती फाइल आधी, नुसती जपून ठेवायची ती शेवटी. दोन नंबरच्या ओळीसारखा प्रश्न विचारायचा असेल, तर तो फाइलीतल्या कुठल्या जागेबद्दल आहे हे सांगितल्याशिवाय राहू नका. नाहीतर समोरचा माणूस अख्खी यादी चाळत बसतो.

प्रश्न : पाठवल्यावर चूक सापडली, तर नुसती ‘सुधारित प्रत’ म्हणून पाठवलेली चालते?

नाही चालत. दोन प्रती शेजारी ठेवून फरक शोधणं हे वाचणाऱ्याचं काम नाही. काय बदललं, कुठे बदललं आणि जुन्या प्रतीचं काय करायचं, हे तिन्ही लिहा. वरच्या वॉटरप्रूफिंगच्याच बाबतीत : ‘पान २ वर दुसऱ्या दरपत्रकात १८ टक्के जीएसटी धरायचा राहिला होता, तो आता धरला आहे. बाकी काही बदललेलं नाही. कालची फाइल काढून टाका. ज्यांनी पसंती आधीच कळवली आहे त्यांनी नवा आकडा पाहून ती कायम आहे की नाही, ते पुन्हा कळवावं.’ फाइलीच्या नावात ‘फायनल’ नको, तारीख घाला.