पोस्ट कधी टाकायची?

विद्यार्थ्यांसाठीच्या पेजवर पोस्ट टाकताना ती वाचून मुलाला लगेच काय करता येईल, ते आधी बघ आणि मग वेळ ठरव. बोनाफाईडबद्दलची पोस्ट मी एकदा शुक्रवारी संध्याकाळी सहाला टाकली होती. लाइक भरपूर आले, पण कॉलेजचं ऑफिस बंद झालेलं, पुढे शनिवार-रविवार. सोमवारी मुलं विचारत होती, 'कुठली पोस्ट?' तेव्हापासून ऑफिसच्या खिडकीवरच्या कामाची पोस्ट मी आदल्या रात्री नऊला टाकतो आणि सकाळी दहाला स्टोरीत आठवण देतो. कागदपत्रं रात्रीच पिशवीत जातात.

बारावीच्या परीक्षेच्या दिवसांत सकाळचा पेपर अकराला सुरू होतो. त्याआधी काहीही टाकू नकोस, आणि पेपर सुटल्यावर लगेच उत्तरंही नकोत; दुसऱ्या दिवशी पेपर असलेल्या पोराचा जीव उगाच खालीवर होतो. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधली मुलं जेवायला उठतात तेव्हाच फोन बघतात, म्हणून रात्रीचे साडेआठ-नऊ बरे.

गणपतीत बरीच मुलं गावी जातात, आणि अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रोडच्या गर्दीत नेट धड चालत नाही. फॉर्मची शेवटची तारीख त्याच दिवसांत असेल तर गणेश चतुर्थीच्या चार दिवस आधीच सांग.